‘हार्ट फेल झालं, मंग आबा बोलते कसे?’

दोन दिवसांपूर्वी नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यातून सुटी मिळालेले आबा, त्यांची सून आणि बारावीतला नातू आमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत आले. नातवाच्या हातात चार पानांचा डिस्चार्जचा कागद होता. त्याने रात्रभर मोबाइलवर एकेक शब्द शोधला होता आणि त्याला एकच प्रश्न पडला होता, ‘‘सर, हार्ट फेल झालं लिवलं हाये. मंग आबा बोलते कसे?’’

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे ‘हार्ट फेल’ म्हणजे माणूस गेला. डॉक्टरांच्या भाषेत मात्र हृदय चालू असतं, फक्त त्याचा जोर कमी झालेला असतो. मराठीत ‘हृदय निष्क्रियता’ लिहिलं असतं तर बिचारा आणखी घाबरला असता. अवघड इंग्रजीच्या जागी अवघड संस्कृत ठेवून कागद सोपा होत नाही. म्हणून मी कोऱ्या पानावर लिहिलं: ‘आबांचं हृदय बंद पडलेलं नाही. ते रक्त पुढे ढकलायला कमी पडतं, म्हणून अंगात पाणी साचतं. पाय सुजतात, आडवं पडलं की दम लागतो.’ हे वाचल्यावर सून म्हणाली, ‘‘मामाजी तं महिनाभर भिंतीले टेकूनच झोपत होते.’’ तिने आजार ओळखला होता, कागदातल्या नावाशी त्याची सांगड तेवढी लागली नव्हती.

दुसरी भीती होती ‘एलव्हीईएफ ३० टक्के’ची. नातवाने हिशेब केला होता की ७० टक्के हृदय मेलं. हा आकडा तसा नसतो. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती बाहेर फेकलं जातं, ते तो सांगतो. धडधाकट माणसाचा कप्पाही पूर्ण रिकामा होत नाही, साधारण ५५ ते ७० टक्केच रक्त बाहेर जातं. म्हणजे आबांच्या ३० ची तुलना शंभराशी नाही, साठाच्या आसपासच्या आकड्याशी करायची. कमी आहेच, पण नातू समजला होता तितकं भयंकर नाही. खरं तर घरच्यांना हा आकडा रोजच्या कामाचा नाही, तो पुढच्या तपासणीत डॉक्टरला लागतो. मी तो माझ्या पानावर घेतलाच नाही. कागद सोपा करताना काय गाळायचं हेही ठरवावं लागतं. मूळ कागद मात्र पिशवीत कायम ठेवायला सांगितलं.

औषधांच्या यादीत ‘फ्युरोसेमाइड ४०, १-०-०’ होतं. नातवाने ते ‘शंभर’ वाचलं होतं! त्या तीन जागा सकाळ, दुपार आणि रात्रीच्या. म्हणजे सकाळी एक, पुढे काही नाही. या गोळीला आपण सगळे ‘लघवीची गोळी’ म्हणतो, पण त्यातही एक खोच आहे. लघवीला साफ होत असेल तर घरचे म्हणतात, आता कशाला द्यायची? म्हणून मी लिहिलं: ‘अंगात साचलेलं पाणी लघवीवाटे काढायची गोळी. सकाळी चहाच्या वेळी एक. रात्री द्यायची नाही.’ रात्री दिली तर म्हातारा माणूस अंधारात चार वेळा आवारातल्या संडासाकडे जाईल आणि एखाद्या वेळी पडेल.

मग मी सुनेला घरातली जुनी औषधं दाखवायला सांगितलं. तिने पिशवी टेबलावर उपडी केली. त्यात तीच फ्युरोसेमाइड होती, दुसऱ्या कंपनीच्या नावाने, तीन महिन्यांपूर्वी गावात घेतलेली. नाव वेगळं म्हणजे औषध वेगळं असं समजून दोन दिवस दोन्ही चालू होत्या. दुप्पट डोसाने अंगातलं पाणी नको तितकं जातं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आबांना आदल्या दिवशी तशी आलीही होती. डिस्चार्जच्या कागदावर नव्या औषधांची यादी असते, पण घरातलं जुनं कोणतं बंद करायचं हे बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. मी ते जुनं पाकीट फुली मारून बाजूला ठेवलं.

त्याच पिशवीत डायक्लोफिनॅकच्या गोळ्या होत्या, निंदणाच्या दिवसांत गुडघ्यांसाठी घेतलेल्या. आणि कागदाच्या तिसऱ्या पानावर तळाशी, बारीक अक्षरात, ‘अव्हॉइड एनएसएआयडीज’ असं लिहिलेलं होतं. सगळ्या कागदातली आबांसाठी सर्वांत महत्त्वाची ओळ बहुधा हीच, आणि घरात कुणाच्या नजरेतही ती आली नव्हती. या अक्षरांचा अर्थ डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी वेदनाशामकं टाळा. शरीरात तयार होणारी काही द्रव्यं मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतात. ही औषधं दुखणं थांबवताना तीच द्रव्यं अडवतात. मग मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतं आणि ते मीठ व पाणी धरून ठेवतं. सकाळची गोळी पाणी काढायला बघते, गुडघ्याची गोळी ते कोंडून ठेवते. आबांचं क्रिएटिनिन १.६ होतं, म्हणजे मूत्रपिंड आधीच थोडं थकलेलं. नागपूरपर्यंत नेणारी सूज कदाचित याच गोळ्यांनी वाढवली असेल, खात्रीने सांगता येत नाही.

मी लिहिलं: ‘गुडघा, कंबर, अंगदुखीची गोळी घ्यायची नाही. दुखलं तर मला विचारा.’ पण यादीत अ‍ॅस्पिरिन ७५ पण होती. तीही त्याच कुळातली, पण एवढ्या कमी मात्रेत ती रक्ताची गाठ होऊ नये म्हणून दिलेली असते. माझी ओळ वाचून कुणी ती बंद केली असती, म्हणून तिच्यापुढे वेगळं लिहिलं: ‘ही चालू ठेवायची.’

शेवटी वजन. कागदावर ‘सुटीच्या वेळी वजन ५२, रोज वजन पाहणे’ एवढंच होतं. कशासाठी, किती वाढलं तर काय करायचं, काहीच नाही. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो असतं. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती तब्येत सुधारल्याची खूण नव्हे, अंगात जवळपास दोन लिटर पाणी साचलं आहे. पायाची सूज दिसण्याआधी हे काट्यावर कळू शकतं. नातू म्हणाला, कापूस मोजायचा काटा घरी आहे. मी त्याला माणसाने उभं राहायचा काटा घ्यायला सांगितलं. सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तशाच कपड्यांत, रोज त्याच काट्यावर. पानावर लिहिलं: ‘५४ झालं, किंवा झोपल्यावर दम लागला, तर त्याच दिवशी फोन. अंधारी आली किंवा हगवण लागली तरी फोन.’

‘‘समजलं का?’’ असं विचारलं की सगळे मान डोलावतात, म्हणून ते मी विचारत नाही. पान उलटं ठेवलं आणि म्हणालो, आता घरी गेल्यावर शेजारणीला कसं सांगाल ते मला सांगा. सुनेने गोळ्या, वजन, फोन, सगळं अचूक सांगितलं. मग मी आबांना विचारलं, ‘‘गुडघे दुखले तर काय कराल?’’

‘‘गोळी नाई घेत,’’ आबा म्हणाले. ‘‘गावातल्या डाक्टरची सुई घेईन. सुईचं तं तुमी काई लिवलं नाई.’’

पान परत मागून घेतलं आणि ‘गोळी’च्या पुढे ‘किंवा सुई’ असं लिहिलं.