पुरवठादाराकडे अडकलेले बिल: ११ तारखेच्या आत पाठपुरावा कसा लावावा
(आमच्याकडे जीएसटीचे काम असलेल्या दुकानदार ग्राहकांसाठी)

दर महिन्याच्या पंधरा-सोळा तारखेला आमच्याकडे येणाऱ्या फोनचा विषय बहुधा एकच असतो. "बिल माझ्या हातात आहे, पैसेही चुकते केलेत, मग क्रेडिट का दिसत नाही?" उत्तरही ठरलेले असते. समोरच्या व्यापाऱ्याने ते बिल त्याच्या GSTR-1 या विक्रीच्या विवरणपत्रात घेतलेच नाही, किंवा घेतले पण उशिरा. त्या दिवशी आमच्या हातात फारसे काही उरलेले नसते. तुमच्याही नसते.

म्हणून हे पत्रक. काम समोरच्याचे, पण नुकसान आपले, अशा वेळी स्वतःसाठी आठवण कधीची आणि कशी लावायची, एवढेच यात सांगितले आहे.

खरी मुदत २० नाही, ११

तुमचे GSTR-3B भरायची तारीख २०, म्हणून बरेचजण मोबाइलमध्ये १८ तारखेची आठवण लावतात. ती आठवण वेळेवर वाजते, पण उपयोग शून्य. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या पुरवठादाराची GSTR-1 ची मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख. त्यावरून १४ तारखेला तुमचे GSTR-2B, म्हणजे तुमच्या क्रेडिटची यादी, तयार होते आणि क्रेडिट त्यातूनच घ्यायचे असते. पुरवठादाराने १२ तारखेला फाइल केले, तर बिल थेट पुढच्या महिन्याच्या GSTR-2B मध्ये जाते.

तेव्हा मुदत लिहिताना "मला कधी लागणार" हे बघू नका. "समोरच्याने शेवटचे कधी केले तर ते माझ्या उपयोगी पडेल" ती तारीख लिहा.

दोन तारखा, दोन जागा

मुदत एकदाच लिहायची आणि तिला हात लावायचा नाही. ती गूगल टास्क्समध्ये किंवा मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये ठेवा. दुसरी तारीख म्हणजे पुन्हा कधी बघायचे ती, आणि तिच्यासाठी स्नूझ. जीमेलमध्ये तुम्ही स्वतः पाठवलेला मेलही स्नूझ करता येतो. Sent मध्ये जाऊन तो मेल उघडा, वरच्या पट्टीतले घड्याळाचे चिन्ह दाबा आणि तारीख-वेळ निवडा. ठरल्या वेळी तो मेल इनबॉक्समध्ये सगळ्यात वर येतो. तोपर्यंत तो Snoozed या कप्प्यात असतो. समोरच्याला यातले काहीही कळत नाही, हा कारभार फक्त तुमचा.

एक बिल धरून पाहू

समजा लालबागच्या एका हार्डवेअर दुकानाने १८ जूनला नागदेवी स्ट्रीटवरून कुलुपे आणि बिजागऱ्या घेतल्या. माल १,००,००० रुपयांचा, १८ टक्क्यांनी कर १८,०००. मालकांनी टास्क लिहिला, "नागदेवी, बिल ४७२, GSTR-1" आणि तारीख टाकली ११ जुलै. "जीएसटीचे बघणे" असे लिहिले असते तर तीन आठवड्यांनी कुठले बिल आणि कोणाकडे, हे शोधण्यातच अर्धा तास गेला असता.

त्याच दिवशी पुरवठादाराला साधा मेल गेला: "नमस्कार शेठ, आजच्या बिल क्र. ४७२ वर आमचा जीएसटी नंबर बरोबर आहे ना, एकदा बघून घ्या. जूनच्या GSTR-1 मध्ये ते यायला हवे." नंबरात एक अक्षर चुकले की बिल तुमच्या नावावर येतच नाही, त्यामुळे ही विचारणा पहिल्याच दिवशी केलेली बरी. हा मेल मालकांनी ३ जुलैवर स्नूझ केला.

३ तारखेला मेल वर आला. उत्तर नव्हते, म्हणून त्याच मेलखाली पुन्हा विचारणा केली. शेठ म्हणाले, अकाउंटंट मंगळवारी आणि शुक्रवारीच येतो, तोही जेवणानंतर. हे कळणे फार मोलाचे, कारण अशा दुकानात सोमवारी सकाळी अकरा वाजता आठवण वाजून काही साधत नाही. पुढची स्नूझ म्हणूनच ११ च्या आधीच्या शेवटच्या अकाउंटंटवारी, दुपारी तीनची लावली.

त्या दुपारी फोन करण्याआधी जीएसटी पोर्टलवर IMS, म्हणजे पुरवठादारांनी आपल्या नावावर टाकलेली बिले दिसतात ते पान, बघितले. पुरवठादाराने बिल नुसते सेव्ह केले तरी ते तिथे दिसू लागते, आणि इथेच लोक फसतात. बिल दिसले म्हणून टास्कवर टिक मारू नका. GSTR-1 फाइल झाल्याशिवाय ते GSTR-2B मध्ये येत नाही. मालकांनी फोनवर नेमके तेवढेच विचारले, "भरून ठेवलेय की फाइल केलेय?" उत्तर आले, "आज संध्याकाळी करतो." मग दुसऱ्या दिवसाची एक स्नूझ, आणि त्या दिवशी फाइल झाल्याची खात्री करूनच टास्क बंद.

कुठे घसरते

सर्वात मोठा घोळ स्नूझच्या बटणामुळेच होतो. गिऱ्हाईक समोर असते, आठवण वाजते, अंगठा आपोआप "उद्या" दाबतो. असे तीनदा झाले की पाठपुरावा चालू आहे असे वाटत राहते आणि प्रत्यक्षात समोरच्याला एक ओळही गेलेली नसते. ओळखायचे कसे? मेल उघडा आणि तुमचा शेवटचा निरोप कोणत्या तारखेचा आहे ते बघा. तेव्हापासून दोनदा स्नूझ झाला असेल, तर तो पाठपुरावा नव्हे. आमचा आग्रह असा की आधी निरोप किंवा फोन, मगच स्नूझ. वेळ नसेल तर मेल इनबॉक्समध्ये तसाच डोळ्यांसमोर राहू द्या.

दुसरी अडचण वडील-मुलगा एकाच जीमेलवर असलेल्या दुकानांत येते. मुलाने स्नूझ केलेला मेल वडिलांच्या फोनवरच्या इनबॉक्समधूनही जातो आणि "मेल कुठे गेला" म्हणून शोधाशोध होते. अशा वेळी Snoozed कप्पा बघा.

जीमेल स्वतःहूनही जुने, उत्तर न आलेले मेल वर आणून आठवण देते. सेटिंग्जमध्ये General खाली Nudges आहे, तिथे "Suggest emails to follow up on" चालू असू द्या. पण कुठला मेल कधी वर आणायचा हे जीमेल ठरवते, आणि त्याला ११ तारीख ठाऊक नाही. तेव्हा ती जोडीला चालेल, तिच्यावर विसंबू नका.

आठवण लावूनही जिथे काही होत नाही

काही छोटे पुरवठादार तिमाही योजनेत असतात. त्यांनी तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिले १३ तारखेपर्यंत IFF या दरमहा बिले देण्याच्या सोयीतून दिली तरच ती तुम्हाला त्या महिन्यात दिसतात, आणि IFF भरणे त्यांच्या मर्जीवर आहे. असा व्यापारी असेल तर माल घेतानाच विचारून ठेवा आणि मुदत १३ लिहा. तो नाही म्हणाला, तर तिमाही संपेपर्यंत रोज फोन करूनही फरक पडणार नाही. संबंध मात्र बिघडतील.

११ तारीख हुकलीच, तर वरच्या उदाहरणातले १८,००० रुपये त्या महिन्यात खिशातून भरावे लागतात, पण क्रेडिट लगेच बुडत नाही. पुरवठादाराने नंतर फाइल केले की पुढे घेता येते. त्यालाही शेवट आहे: आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणारी ३० नोव्हेंबर, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरले तर तो दिवस. म्हणून जुना टास्क पुसू नका. तो पूर्ण झाला अशी टिक मारा आणि त्याच बिलाचा नवा टास्क पुढच्या महिन्याच्या ११ तारखेचा करा. दोन महिने उलटूनही बिल आले नाही, तर बिलाची प्रत आणि तुमचे पाठवलेले निरोप आमच्याकडे आणून द्या. पुरवठादाराला लेखी पत्र आम्ही पाठवू.