आग लागल्यावर जेट फॅन कधी सुरू व्हावेत? बेसमेंट पार्किंगमधल्या एका वादाची पार्श्वभूमी

जेट फॅन म्हणजे छताला टांगलेले, जोरदार झोताने हवा पुढे ढकलणारे पंखे. ते मुळात रस्त्यांच्या बोगद्यांतले. १९९० च्या दशकात युरोपात ते पार्किंगमध्ये आले. छताखालचे पत्र्याचे डक्ट गेल्याने उंची वाचली. ब्रिटनमध्ये २००६ साली बंदिस्त पार्किंगमधल्या धूर-नियंत्रणासाठी स्वतंत्र मानक निघालं, त्यात जेट फॅनही आले. आपल्याकडे २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने आगीच्या वेळी तासाला १२ वेळा हवा बदलण्याची अट घातली. एरवी सहा वेळा धरतात.

२,००० चौरस मीटरचं, ३ मीटर उंचीचं बेसमेंट घ्या. आगीच्या वेळी सेकंदाला २० घनमीटर हवा बाहेर जायला हवी. ती काढतात शाफ्टमधले एक्झॉस्ट फॅन. जेट फॅन ती त्यांच्याकडे फक्त ढकलतात. एक्झॉस्टला झेपेल त्याहून जास्त हवा ढकलली, तर उरलेली वळून परत मागे येते, आणि तिच्याबरोबर धूरही.

वाद आहे तो सुरू करण्याच्या वेळेचा. एक बाजू म्हणते, डिटेक्टर वाजला की सगळे पंखे लगेच पूर्ण वेगाने चालू. दुसरी म्हणते, एक्झॉस्ट लगेच चालू, पण जेट फॅन लोक बाहेर पडेपर्यंत थांबवा. मला दुसरी बाजू पटते. सुरुवातीचा धूर गरम असतो, तो छताला चिकटून पसरतो आणि खाली चालण्याइतकी स्वच्छ हवा राहते. जेट फॅन नेमके त्याच थरात टांगलेले असतात. सुरू झाले की थर फाटतो आणि धूर तोंडाच्या उंचीवर येतो. शिवाय उष्णता बाजूला ढकलली गेल्याने जळत्या गाडीवरचा स्प्रिंकलर उशिरा फुटू शकतो. मात्र छत बुटकं असेल तर थर लवकर खाली उतरतो, म्हणून ही थांबण्याची मुदत काही मिनिटांचीच हवी. अग्निशमन दलाला आत शिरायची बाजू मोकळी लागते, तेव्हा हेच जेट फॅन कामाला येतात.

या वादात कार्बन मोनॉक्साइडचे सेन्सर सहसा विसरले जातात. हा वायू जवळपास हवेइतकाच जड, म्हणून सेन्सर छताला न लावता श्वासाच्या उंचीला, साधारण दीड मीटरवर लावतात. पातळी वाढली की ते पंख्यांचा वेग वाढवतात. नव्या गाड्यांच्या धुरात हा वायू कमी असतो, त्यामुळे पंखे बहुतेक वेळ संथच राहतात. पण सेन्सरमधला रासायनिक सेल वापर नसतानाही म्हातारा होतो, आणि मेलेला सेन्सरही शून्यच दाखवतो. ठरावीक प्रमाणाचा चाचणी-वायू सोडून पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

आगीतूनही हाच वायू निघतो. तो सेन्सरपर्यंत पोचला, की प्रदूषण समजून जेट फॅन पळू लागतात आणि ठरवलेली मुदत फुकट जाते. म्हणून आगीच्या वेळी पंखे चालवणाऱ्या फायर पॅनलचा हुकूम सेन्सरच्या वरचढ हवा. यंत्रणा ताब्यात घेण्याच्या दिवशी धुराचा डिटेक्टर वाजवावा आणि त्याच वेळी जवळच्या सेन्सरवर चाचणी-वायू सोडावा. मुदत संपण्याआधी एखादा जेट फॅन फिरला, तर वायरिंग किंवा प्रोग्रॅमिंग चुकलं आहे.