क्रशरवरच्या मुलाखतीला टाय?

"मुलाखत कुठलीही असो, कोट-टाय नसेल तर पहिल्याच नजरेत बाद."

बँकेच्या एसी ऑफिसात टाय शोभतो. पण मे महिन्यात चंद्रपूरकडे खडी क्रशरवर साइट इंजिनिअरची मुलाखत असेल, तर बोलता बोलता साइटवर फेरी निघू शकते. फिरत्या पट्ट्याजवळ लोंबता टाय अडकला तर माणूसच ओढला जातो, म्हणून तिथे सैल कपडे नकोच. पॉलिस्टर घाम शोषत नाही, शर्ट पाठीला चिकटतो. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, जाड पँट आणि बंद बूट बरे. सँडल घालून गेलात तर बहुधा गेटवरच अडवतील.

कापड ओळखायला पाण्याचा थेंब टाकून बघा. धुतलेलं सुती कापड तो चटकन पितं. आणि बोलावणं आलं की फोनवरच विचारा, "साइटवर जायचंय का?"