मायक्रोमीटर खरा, मग मापं वेगळी का?

"मायक्रोमीटर नुकताच कॅलिब्रेट होऊन आलाय, सर्टिफिकेट फाइलला लावलंय, आता मापाबद्दल शंका कसली?" कारखान्यात हा युक्तिवाद इतक्या ठामपणे केला जातो की त्यातली गोम पटकन लक्षात येत नाही. सर्टिफिकेट सांगतं ते एवढंच, की २० अंश सेल्सिअस राखलेल्या प्रयोगशाळेत, सरावलेल्या माणसाने, सपाट स्लिप गेजवर हा मायक्रोमीटर लावला तेव्हा तो किती चुकला. प्रत्यक्षात त्याच्या जबड्यात येणार असतो तो गोल, तेलकट, मशिनवरून नुकताच उतरलेला शाफ्ट, आणि तो धरणारे हात दर शिफ्टला बदलणार असतात. या सगळ्यामुळे माप किती हलतं, याबद्दल सर्टिफिकेट गप्प असतं. त्यासाठी वेगळी चाचणी करावी लागते. तिचं नाव गेज आर अँड आर.

यातले दोन आर म्हणजे रिपीटेबिलिटी आणि रिप्रोड्यूसिबिलिटी. एकाच माणसाने एकच जॉब, त्याच गेजने पुन्हा पुन्हा मोजला तर आकडे किती पसरतात, हा पहिला आर. माणूस बदलला की मापांची सरासरी किती सरकते, हा दुसरा. पहिला मुख्यतः उपकरणाच्या खात्यावर मांडतात, दुसरा माणसांच्या. ही वाटणी तंतोतंत नसते, कारण हात थरथरला तर तेही पहिल्याच खात्यात जमा होतं. पण कामापुरती ती चालते.

एक उदाहरण सोडवून पाहू. शाफ्टचा व्यास हवा आहे २० मिलिमीटर, अधिक-उणे ०.०१० मिमी. म्हणजे वरच्या आणि खालच्या मर्यादेतलं अंतर, म्हणजेच टॉलरन्स, आहे २० मायक्रॉनचं. हातात एक मायक्रॉन लिस्ट काउंटचा मायक्रोमीटर आहे. लिस्ट काउंट टॉलरन्सच्या एक-दशांश तरी असावा, हा जुना नियम इथे अगदी आरामात पाळला गेलाय. मग अडचण कुठे आहे?

उत्पादनातून वेगवेगळ्या वेळी निघालेले १० शाफ्ट घेतले. रोज हेच काम करणारे तीन तपासनीस बसवले. खास चाचणीसाठी सर्वांत कुशल माणूस बोलावला तर निकाल त्या माणसाचा येतो, रोजच्या कामाचा येत नाही. प्रत्येकाने प्रत्येक शाफ्ट तीनदा मोजायचा, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा आणि आधीचं माप त्याला दिसू द्यायचं नाही. ही शेवटची अट फार महत्त्वाची. मघाशी २०.००४ आलं होतं हे आठवत असलं की माणूस नकळत थिंबल थोडा जास्त फिरवून पुन्हा २०.००४ आणतो. आणखी एक काळजी घ्यायची, शाफ्टवर मोजण्याची जागा खुणेने ठरवून द्यायची. शाफ्ट कधीच पुरता गोल नसतो. एकाने इथे आणि दुसऱ्याने नव्वद अंशात फिरवून मोजलं, तर शाफ्टच्या लंबगोलपणाचं बिल गेजच्या नावावर फाटतं.

एकूण ९० मापं झाली. आता हिशोब. एका माणसाने एका शाफ्टवर घेतलेल्या तीन मापांपैकी सर्वांत मोठं वजा सर्वांत लहान, ही झाली रेंज. अशा ३० रेंज मिळतात. समजा त्यांची सरासरी आली २.२ मायक्रॉन. तीन-तीन मापांची सरासरी रेंज ही प्रमाण विचलनाच्या सुमारे १.६९ पट असते, हे संख्याशास्त्रातून निघतं. म्हणून २.२ ला १.६९ ने भागलं की उपकरणाचा हिस्सा मिळतो १.३० मायक्रॉन.

मग प्रत्येक तपासनिसाच्या ३० मापांची सरासरी काढली. सर्वांत वरची आणि सर्वांत खालची यांत फरक निघाला २.६ मायक्रॉन. तीन माणसं आणि एकच रेंज अशा वेळी भाजक थोडा मोठा, १.९१ घेतात. उत्तर १.३६. पण हे जसंच्या तसं माणसांच्या नावावर टाकणं अन्यायाचं होईल. तिघेही हुबेहूब सारखं मोजत असते तरी मापं मुळात हलतात, त्यामुळे त्यांच्या सरासऱ्यांत थोडा फरक पडलाच असता. तो योगायोगाचा भाग वजा करावा लागतो. प्रत्येकाची सरासरी ३० मापांची असल्यामुळे तो भाग लहान असतो, म्हणजे १.३० च्या वर्गाचा तिसावा हिस्सा. १.३६ च्या वर्गातून तो वजा करून वर्गमूळ काढलं की माणसांचा हिस्सा उरतो १.३४.

आता मला या विषयात सर्वांत आवडणारी गोष्ट. १.३० आणि १.३४ यांची बेरीज २.६४ होत नाही. दोन्ही कारणं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. उपकरण वर ढकलत असतं तेव्हा माणूसही वरच ढकलेल असं नाही. कधी दोघं जोडीने ढकलतात, कधी एकमेकांचं खोडतात. म्हणून विचलनं थेट मिळवायची नसतात, त्यांचे वर्ग मिळवायचे असतात. पायथागोरसच्या काटकोन त्रिकोणात जे होतं तेच इथे होतं. एक बाजू उपकरण, दुसरी माणसं आणि कर्ण म्हणजे एकूण आर अँड आर:

```
GRR² = 1.30² + 1.34²
GRR  = 1.87
```

या त्रिकोणाची करामत सुधारणा करायला निघालं की कळते. समजा प्रशिक्षण देऊन माणसांमधला फरक पार शून्यावर आणला. अर्धं दुखणं गेलं असं वाटेल, पण कर्ण १.८७ वरून फक्त १.३० वर येतो. आणि एक बाजू दुसरीच्या तिप्पट असेल, तर लहान बाजू पूर्ण पुसली तरी कर्ण जेमतेम पाच टक्क्यांनी आखडतो. म्हणून आधी मोठी बाजू कोणती ते पाहायचं. उपकरणाचाच दोष मोठा असताना तपासनिसांचे प्रशिक्षण वर्ग घेत बसणं, किंवा दोष हातांचा असताना महागडं उपकरण आणणं, दोन्ही पैसे वाया घालवण्याचे राजमार्ग आहेत.

१.८७ हे प्रमाण विचलन. जवळपास सगळी मापं, म्हणजे ९९.७ टक्के, सहा विचलनांच्या पट्ट्यात बसतात. सहा गुणिले १.८७ म्हणजे ११.२ मायक्रॉन. टॉलरन्स २० चा. म्हणजे टॉलरन्सचा ५६ टक्के भाग मोजमापाचा गोंधळच खाऊन बसलाय. वाहन उद्योगाच्या एआयएजी या अमेरिकी संस्थेच्या मार्गदर्शिकेनुसार १० टक्क्यांखाली असेल तर पद्धत साधारणपणे चांगली, १० ते ३० मध्ये असेल तर वापराचं महत्त्व आणि खर्च पाहून चालवून घ्यायची, ३० च्या वर नापास. याच मार्गदर्शिकेची २०१० ची चौथी आवृत्ती बजावते की नुसत्या या टक्क्यांवर निर्णय सोपवू नका. लोक टक्के तेवढे लक्षात ठेवतात.

५६ टक्क्यांचा खरा अर्थ मर्यादेजवळ दिसतो. एक शाफ्ट खरोखर २०.०१२ मिमीचा आहे, म्हणजे दोन मायक्रॉनने बाद. मापाचं विचलन १.८७ असल्यामुळे तो तपासणीत पास होण्याची शक्यता सुमारे १४ टक्के, साधारण सातात एक. उलट, मर्यादेच्या दोन मायक्रॉन आत असलेला चांगला शाफ्ट तेवढ्याच शक्यतेने भंगारात जाणार. मधल्या, मर्यादांपासून लांब असलेल्या शाफ्टना मात्र हा गेजही पुरतो. गोंधळ कडेलाच होतो.

आता कारण शोधू. तिन्ही सरासऱ्या मांडल्या तर दोघांच्या जवळजवळ आणि तिसऱ्याची खाली. तो काय करतो हे उभं राहून पाहिलं की कळतं. ठरावीक दाब आला की सटकणारं रॅचेट तो वापरत नाही, थिंबल हाताने घट्ट करतो. दाब वाढला की फ्रेम किंचित ताणली जाते, स्पर्शाची जागा किंचित दबते आणि आकडा लहान येतो. त्यात शाफ्ट मुठीत धरून ठेवायची सवय, ती आकडा उलट दिशेला हलवते. पोलाद दर मीटरला दर अंशाला सुमारे ११.५ मायक्रॉन वाढतं. २० मिमीचा शाफ्ट दहा अंशांनी तापला तर २.३ मायक्रॉनने फुगतो.

सर्वांना रॅचेट सक्तीचं केलं, मायक्रोमीटर स्टँडवर बसवला, शाफ्ट पुसून खोलीच्या तापमानाला येऊ दिले आणि चाचणी पुन्हा केली. समजा सरासरी रेंज आली १.६ आणि सरासऱ्यांतला फरक ०.६. त्याच हिशोबाने उपकरणाचा हिस्सा ०.९५, माणसांचा ०.२६, कर्ण ०.९८. टॉलरन्सच्या २९ टक्के. माणसांची बाजू आता नगण्य झाली आहे, इथून पुढे आरडाओरडा करून काही हलणार नाही. पुढची पायरी उपकरण बदलण्याची: मास्टरवर शून्य लावून फक्त फरक मोजणारा, ठरावीक दाबाने टेकणारा कंपॅरेटर. त्यावर सरासरी रेंज ०.५ आणि सरासऱ्यांतला फरक ०.२ मिळाला, तर टक्के उतरतात ९ वर.

इथे जाहिरातींबद्दल एक शब्द. डिस्प्लेवर दशांश चिन्हानंतर एक आकडा वाढला म्हणजे अचूकता दहापट झाली, ही आधुनिक अंधश्रद्धा आहे. शेवटचा आकडा दर मापाला वेगळा येत असेल तर तो शोभेचाच. याच्या उलटाही सापळा आहे. ०.०२ मिमी लिस्ट काउंटच्या व्हर्नियरने हेच शाफ्ट मोजा. सगळे तपासनीस सगळ्या वेळी २०.०० लिहितील, रेंज शून्य, आर अँड आर शून्य टक्के! गेज उत्तम नाही, आंधळा आहे. रेंजच्या तक्त्यात शून्यांचीच रांग दिसली की आनंद मानू नये, लिस्ट काउंट पाहावा.

टक्के कशाचे, हेही विचारावं. २९ टक्के टॉलरन्सच्या तुलनेत आहेत. शाफ्टमधल्या खऱ्या फरकाचं विचलन २ मायक्रॉन असेल, तर एकूण दिसणाऱ्या चढउताराच्या तुलनेत हाच गेज ४४ टक्के ठरतो. पास-नापास ठरवायला तो कसाबसा चालेल, पण मशिन सरकतंय का हे ओळखायला निकामी. मग अहवाल गोड करण्यासाठी कोणी मुद्दाम बाद झालेले शाफ्ट नमुन्यात मिसळतो आणि टक्का खाली आणतो. कोणी ४४ चा वर्ग करून, म्हणजे विचलनाऐवजी त्याच्या वर्गाचं प्रमाण देऊन, "१९ टक्के" छापतो. दोन्ही आकडे गणिताने बरोबर असतात.

आणि एक गोष्ट ही चाचणी अजिबात पाहत नाही. मायक्रोमीटरचं शून्य तीन मायक्रॉनने सरकलेलं असेल, तर तिघंही एकमतानं तीन मायक्रॉन चुकतील आणि आर अँड आर झकास येईल. ते पकडायला कॅलिब्रेशन आणि रोज सकाळी मास्टरवर शून्य तपासणं हेच लागतं. सर्टिफिकेटचं काम तिथे आहे.

कंपॅरेटर घेणं शक्य नसेल तर २९ टक्क्यांवरही काम चालवता येतं, फक्त स्वीकाराच्या मर्यादा आत ओढायच्या. दहाऐवजी अधिक-उणे आठ मायक्रॉनपर्यंतचंच माप पास धरायचं. मग नेमका मर्यादेवर असलेला शाफ्ट पास होण्याची शक्यता पन्नास टक्क्यांवरून दोनवर येते. त्याबदल्यात आठ ते दहाच्या पट्टीतले बरेचसे चांगले शाफ्ट बाद होतात. वर्षभरात असे किती शाफ्ट जातात ते मोजायचं, त्यांची किंमत कंपॅरेटरच्या किमतीशेजारी मांडायची आणि मग खरेदीचा निर्णय घ्यायचा.