सिकलसेल आजार

सिकलसेल हा हिमोग्लोबिनमधील एका बदलामुळे होणारा आनुवंशिक रक्तविकार आहे. या आजारात लाल रक्तपेशी प्रसंगी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात, त्यावरूनच त्याला हे नाव पडले. १९१० मध्ये शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात अशा पेशी पाहिल्याची नोंद केली. भारतात १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये हा विकार प्रथम आढळला. महाराष्ट्रात विदर्भात, तसेच नंदुरबार, धुळे या भागांत त्याचे प्रमाण अधिक आहे. तिथे लोक 'एएस पॅटर्न' आणि 'एसएस पॅटर्न' असे सहज बोलतात. या दोन शब्दांतला फरक नीट समजला की सिकलसेल बराचसा समजतो.

हिमोग्लोबिनमध्ये काय बिघडते

प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या असतात. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले एकामागोमाग ओवलेली असतात. सिकलसेलमध्ये त्यांतले फक्त सहावे बदलते: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येते. ग्लुटामिक आम्लाला पाण्याची ओढ असते, व्हॅलिन पाण्याला टाळते. त्यामुळे रेणूच्या पृष्ठभागावर एक चिकट ठिपका तयार होतो. ऑक्सिजन धरलेला असेपर्यंत त्याने काही अडत नाही. ऑक्सिजन सोडताच रेणूचा आकार बदलतो आणि हा ठिपका शेजारच्या रेणूवरच्या खाचेत जाऊन बसतो. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा जोडला जाऊन लांब, कडक तंतू बनतात आणि तेच पेशीला आतून ताणून विळ्याचा आकार देतात. या बदललेल्या हिमोग्लोबिनला हिमोग्लोबिन एस म्हणतात, नेहमीच्या हिमोग्लोबिनला ए.

तंतू मात्र क्षणात बनत नाहीत. आधी काही रेणू एकत्र येऊन बीज तयार व्हावे लागते, त्यानंतर वाढ झपाट्याने होते. ऑक्सिजन सुटल्यापासून तंतू बनेपर्यंतचा हा विलंब पेशीतील एसच्या सांद्रतेवर कमालीचा अवलंबून असतो. सांद्रता थोडी घटली, तरी विलंब अनेक पटींनी वाढतो. पुढचा सगळा उलगडा या एका गोष्टीत आहे.

एक जनुक आणि दोन जनुके

बीटा साखळीचे जनुक प्रत्येकाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे मिळते. दोन्ही एस असतील तर ती व्यक्ती एसएस, म्हणजे रुग्ण. एक ए आणि एक एस असेल तर एएस, म्हणजे वाहक. एसएस माणसाच्या पेशीत ए अजिबात नसते, बहुतांश हिमोग्लोबिन एस असते. एएसच्या प्रत्येक पेशीत साधारण ३५ ते ४० टक्के एस आणि उरलेले बहुतेक ए असते. ए तंतूत नीट बसत नाही, आणि एसची सांद्रताही कमी. त्यामुळे विलंब इतका वाढतो की तंतू बनायच्या आत पेशी केशवाहिनीतून पुढे निघून फुप्फुसात पोहोचते आणि पुन्हा ऑक्सिजन घेते. तिचा आकार बिघडत नाही.

म्हणून एएस हा सौम्य सिकलसेल नव्हे. वाहकाला एसएससारख्या वेदना होत नाहीत, सिकलसेलची औषधे लागत नाहीत आणि वय वाढले म्हणून एएसचे एसएस होत नाही. वाहक फिकट दिसत असेल तर लोहाची कमतरता किंवा दुसरे कारण शोधावे. सिकलसेलवर बोट ठेवून थांबले तर खरे कारण निसटते. याला अपवाद आहे तो मूत्रपिंडाच्या आतल्या भागाचा. तिथे ऑक्सिजन फार कमी आणि क्षार फार जास्त असतात, त्यामुळे पेशीतून पाणी खेचले जाऊन एसची सांद्रता वाढते. तिथे वाहकाच्या पेशीही वाकतात, आणि काही वाहकांना अधूनमधून लघवीतून रक्त जाते. फार उंच ठिकाणी किंवा पाणी न पिता अतिश्रम केल्यासही क्वचित त्रास होतो. दुसरीकडे, लहानपणी एएस मुलांना जीवघेण्या फॅल्सिपेरम मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. मलेरियाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले ते यामुळेच.

वेदनेचे झटके

एसएस बाळ जन्मतः ठणठणीत असते, कारण त्याच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन एफ भरपूर असते आणि एफ तंतूत शिरतच नाही. सहा महिन्यांच्या आसपास एफ उतरते. मग एके दिवशी बाळाचे हातपाय सुजतात, ते रडते, कोणी हात लावू देत नाही. घरच्यांना वाटते मुरगळले असेल. खरे तर ती हाडांतल्या मगजाचा रक्तपुरवठा अडल्याची खूण असते.

मोठेपणी झटका कंबर, मांड्या, छाती, दंड असा हाडांत येतो. ताप, थंड पाण्याची अंघोळ, गारठा, उन्हात पाणी न पिता केलेले काम यांनी तो सुरू होऊ शकतो. पुष्कळदा कारण सापडतही नाही. चिकट, ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, मागचा प्रवाह थांबतो, तिथला ऑक्सिजन आणखी घटतो आणि आणखी पेशी वाकतात. हे काही तास ते अनेक दिवस चालते. रुग्णाचे हिमोग्लोबिन नेहमीसारखेच ७-९ असू शकते, एक्स-रे स्वच्छ येतो, अंगावर जखम नसते. दुखणे सिद्ध करणारी रक्ततपासणी नाही. रुग्ण सांगतो तेच मोजमाप, आणि त्यावर शंका घेऊन वेदनाशामक लांबवणे ही रुग्णावर होणारी मोठी हानी आहे. ताप, छातीत दुखून धाप, पोटात डावीकडे प्लीहा अचानक वाढून मूल पांढरे पडणे किंवा अंगाची एक बाजू लुळी पडणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नये.

वाकलेल्या पेशी लवकर फुटतात. नेहमीची पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवस. म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे पिवळसर. रोज फॉलिक आम्ल देतात, पण नुसत्या फिकटपणावरून लोहाच्या गोळ्या देऊ नयेत. हायड्रॉक्सियुरियाची रोजची गोळी एफ वाढवते, झटके कमी होतात. भारतातील अनेक रुग्णांत एफ मुळातच जास्त असल्याने इथला आजार सौम्य असतो असे पूर्वी मानत. विदर्भातील रुग्णांनी तो समज टिकू दिलेला नाही.

तपासणी आणि एक उदाहरण

गावपातळीवर सोल्युबिलिटी चाचणी करतात. नळीतल्या द्रावणात बोटाचे रक्त टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात एस आहे. पण एएस असो की एसएस, द्रावण गढूळच होते. 'पॉझिटिव्ह' एवढ्यावर लग्न मोडलेल्या मुली आहेत. दोन्हींतला फरक सांगते ती हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी, आणि तीही अलीकडे रक्त चढवलेले नसेल तरच. दात्याच्या एमुळे एसएस रुग्ण एएससारखा दिसू शकतो.

नवरा-बायको दोघे एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता चारांत एक असते. पहिले मूल एसएस झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नाही.

आता समजा बायको एएस आहे, आणि नवऱ्याची नळी स्वच्छ राहिली. दोघांना काळजी नको म्हणून सांगितले गेले. वर्षभराने बाळाचे हातपाय सुजले. नवऱ्याची एचपीएलसी केली तर एस शून्य, पण ए२ नावाचे हिमोग्लोबिन नेहमीपेक्षा जास्त, ५ टक्के: तो बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे बीटा साखळी कमी बनण्याच्या विकाराचा वाहक. त्याच्याकडून बाळाला जवळजवळ बंद पडलेले जनुक मिळाले, आईकडून एस. एसचे एकच जनुक असूनही पेशीत एसएसइतकेच एस भरले. सोल्युबिलिटी चाचणी थॅलेसेमिया दाखवत नाही, म्हणून एक जोडीदार एएस निघाला की दुसऱ्याची एचपीएलसीच करावी लागते.