घराच्या दर्शनी छायाचित्रातून गाडी काढणे

घराच्या समोरून घेतलेल्या छायाचित्रात उभी असलेली वाहने संगणकावर काढून टाकून त्यांच्यामागे झाकलेली फरसबंदी, हिरवळ आणि या दोन्हींमधली कड पुन्हा उभी करण्याचे काम. मुंबईत जागाविक्रीच्या जाहिराती आणि वास्तुरचनाकारांच्या कामाचे नमुने यांसाठी ते वरचेवर लागते. पार्ले, चेंबूर किंवा वांद्र्याच्या बंगल्यांपुढची जागा इतकी आखूड असते, की गाडी आडवी आल्याशिवाय घर चौकटीत मावतच नाही.

गाडी पुसणे सोपे असते. अवघड असते ती कड. गवत कसेही भरले तरी डोळा ते खपवून घेतो, पण पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांची आणि हिरवळीच्या काठाची रेघ जराशी वाकली तरी बनाव उघडा पडतो. ती रेघ अंदाजाने ओढू नये, कारण तिचा पुरावा बहुधा चित्रातच असतो. दोन चाकांच्या मधून, गाडीच्या पोटाखाली, खरी जमीन दिसत असते. मूळ रॉ फाइलमध्ये सावलीचा भाग उजळला, की त्या काळ्या पट्ट्यातून विटांची कड वर येते. गाडीच्या काचांतून मागची भिंत किंवा कुंपणही दिसते.

समजा, चेंबूरच्या एका बैठ्या बंगल्यापुढे पांढरी गाडी उभी आहे. डावीकडे हिरवळ, उजवीकडून सकाळचे ऊन, आणि फाटकापासून पोर्चच्या पायरीपर्यंत पेव्हर ब्लॉक. आधी गाडीची निवड करायची, तीत तिची सावलीही घ्यायची. सावली विसरली तर गाडी जाते आणि तिचे भूत उरते. मग गाडीच्या पुढे आणि मागे दिसणाऱ्या कडेवर बिंदू ठेवून, पोटाखालच्या पुराव्याशी ताडून, वेगळ्या लेयरवर रेघ आखायची. कड वळणदार असेल तर मधला बिंदू पोटाखालूनच मिळतो.

फरसबंदीसाठी फोटोशॉपमधले, आजूबाजूच्या भागावरून जागा आपोआप भरणारे Content-Aware Fill सहसा कामाचे नाही. ते सांधे वितळवल्यासारखे करते. जमिनीच्या दूर जाणाऱ्या प्रतलावर जाळी बसवून काम करणारे Vanishing Point उपयोगी पडते. रिकामा लेयर निवडून फाटकाची ओळ आणि पायरीची ओळ यांमधल्या आयताचे चार कोपरे द्यायचे. जाळी निळी झाली म्हणजे ती ग्राह्य. त्यातला स्टॅम्प Alt दाबून नमुना उचलतो आणि अंतरानुसार ब्लॉक लहान-मोठे करतो. नमुना कॅमेऱ्याजवळचा घ्यावा आणि लांब न्यावा. उलट केले तर ताणलेले ब्लॉक धूसर होतात आणि शेजारच्या खऱ्या ब्लॉकपुढे ते लगेच कळते. फाटकाकडून आणलेल्या ओळी पोर्चकडच्या ओळींना अर्ध्या ब्लॉकने चुकल्या, तर ती चूक लांबच्या टोकाला सरकवून थोड्या ताणाने जुळवावी. तिथे ब्लॉक बारीक असल्याने नजर अडत नाही.

हिरवळीला मात्र Content-Aware Fill चालते, फक्त नमुना कुठून घ्यायचा ते दाखवणाऱ्या हिरव्या छटेच्या क्षेत्रातून गाडी आणि भिंत पुसून घ्यावी. शेवटी कड. गवत कधीच कापल्यासारखे संपत नाही. काही पाती विटेवर झुकतात आणि त्यांच्या बुडाशी बारीक काळपट रेघ असते. ही पाती शेजारच्या खऱ्या कडेवरून उचलून बसवावीत. पाती न झुकलेली सरळ कड प्लास्टिकच्या हिरवळीसारखी दिसते.

पावसाळ्यात मुंबईत आणखी एक पेच येतो. रात्रभर उभ्या गाडीखालची जागा कोरडी राहते, बाकी फरसबंदी ओली आणि गडद. पोटाखालचा भाग तसाच ठेवला तर गाडीच्या आकाराचा फिका आयत मागे राहतो. तो ओल्या भागावरून भरावा, आणि ओल्या ब्लॉकवर गाडीचे प्रतिबिंब उरले असेल तर तेही काढावे. घराच्या काचांतले प्रतिबिंब तर बहुतेकांच्या नजरेतूनच सुटते.

तपासणीसाठी वर एक Curves लेयर टाकून कॉन्ट्रास्ट अतोनात वाढवावा. भरलेला भाग उजेडात किंवा दाण्यात वेगळा असेल तर तो ठिगळासारखा दिसू लागतो. एकच डागाळलेला ब्लॉक दोनदा आला असेल तर चित्र आडवे उलटवल्यावर तो पटकन सापडतो.

हे सगळे टाळायचा उपाय साधा आहे: तिपाईवर कॅमेरा न हलवता गाडी असतानाचा आणि ती स्वतःच्या लांबीहून जास्त पुढे घेतल्यावरचा असे दोन फोटो काढून मास्कने जोडणे. अनेक फोटोंचा Median, म्हणजे प्रत्येक ठिकाणचे मधले मूल्य, काढण्याची युक्ती रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांना लागू पडते. उभ्या गाडीवर ती निरुपयोगी, कारण प्रत्येक फोटोत ती त्याच जागी असते.

गाडी हलणारी वस्तू आहे, म्हणून ती काढणे जाहिरातीत चालते. त्याच हाताने विजेचा खांब काढणे किंवा फरसबंदी रुंद करणे ही ग्राहकाची फसवणूक होय. विकासकाच्या जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला 2016 च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम 12 नुसार भरपाई मागता येते. पाडण्यापूर्वी बंगल्याची नोंद म्हणून काढलेल्या फोटोला तर हातच लावू नये. तिथे गाडीसुद्धा नोंदीचा भाग असते.