नवं मीम टोकन आणि जुनं कॉइन: एका लाखाने भाव किती हलतो?

सांगलीच्या मार्केट यार्डात राजापुरी हळदीच्या सौद्यात एखाद्याने एक पोतं घेतलं, तर त्या दिवसाचा दर हलत नाही. बिटकॉइनमध्ये एक लाख रुपये घातले तरी तसंच होतं. जगभरच्या एक्स्चेंजवर ऑर्डरींचे थर लागलेले असतात, तुमची ऑर्डर वरच्याच थरात भागते. कुठे भाव थोडा चढलाच, तर आर्बिट्राजवाले तिथे विकून दुसरीकडे घेतात आणि फरक मिटवतात.

नुकतंच आलेलं मीम टोकन मोबाइलवर तशाच हिरव्या टक्क्यांत दिसतं, पण तिथे बहुतेकदा ऑर्डर बुकच नसतं. एक पूल असतो: एका बाजूला टोकन, दुसऱ्या बाजूला सोलाना किंवा इथर असं रुळलेलं कॉइन. सगळ्यांत रुळलेल्या पद्धतीत दोन्ही बाजूंचा गुणाकार कायम ठेवून भाव निघतो.

समजा, पूलमध्ये 10 लाख टोकन आणि 10 लाख रुपयांचं सोलाना आहे, म्हणजे भाव 1 रुपया. फी बाजूला ठेवू. तुम्ही 1 लाखाची खरेदी केली, तर सोलानाची बाजू 11 लाखांची होते आणि तुम्हाला सुमारे 90,900 टोकन मिळतात, सरासरी 1 रुपया 10 पैशांनी. स्क्रीनवरचा भाव मात्र 1.21 होतो. एकूण टोकन 1 कोटी असतील, तर मार्केट कॅप, म्हणजे सगळ्या टोकनची चालू भावाने किंमत, 1 कोटीवरून 1.21 कोटी दिसेल. आत आला 1 लाख, फुगले 21 लाख.

आता सुरुवातीलाच टोकन घेऊन ठेवलेल्या एखाद्या वॉलेटने 9 लाख 9 हजार टोकन एकदम विकले. त्या वॉलेटचा मालक साडेपाच लाख घेऊन जातो आणि भाव 30 पैशांवर येतो. त्यानंतर तुम्ही विकायला गेलात, तर लाखाचे हातात येतात सुमारे 26 हजार. ॲप बिघडलेलं नसतं, कुणी हॅकही केलेलं नसतं. पूलमधले पैसे निम्म्यावर आलेले असतात आणि टोकन दुप्पट झालेले असतात.

म्हणून पहिल्या तासांत मार्केट कॅप बघणं व्यर्थ आहे. लिक्विडिटीचा, म्हणजे पूलमध्ये किती माल आहे त्याचा आकडा बघा, आणि तोही निम्मा धरा, कारण बऱ्याच चार्ट साइट दोन्ही बाजूंची बेरीज दाखवतात. तुमची रक्कम त्या निम्म्याच्या 10 टक्के असेल, तर भाव 21 टक्के हलणारच. चार्टवरच्या पहिल्या कॅन्डलचा तळ, म्हणजे सगळ्यांत कमी भाव, बहुधा आपोआप खरेदी करणाऱ्या बॉट्सनी उचललेला असतो. ‘50 पट वाढलं’ असं कुणी सांगतं, ते त्या तळापासून मोजलेलं असतं, तुम्हाला मिळालेल्या भावापासून नव्हे.

जुनं कॉइनही कोसळतं. 12 मार्च 2020 ला बिटकॉइन एका दिवसात जवळजवळ 40 टक्के पडलं. पण त्या पडझडीतही घेणारे होते. नव्या टोकनमध्ये पूल भरणारा आपला हिस्सा काढून घेऊ शकतो, म्हणून लिक्विडिटी लॉक आहे का आणि किती दिवसांसाठी, ते तपासा. काही टोकनच्या कोडमध्येच विक्री अडवलेली असते. आधी थोडेसे टोकन घेऊन लगेच विकून पाहा. मात्र विक्री नंतरही बंद करता येते, त्यामुळे एकदा विकता आलं म्हणून पुढेही येईल असं धरू नका.